दरपत्रक दिले, उत्तर नाही. मग विचारायचे कसे?



दरपत्रक देऊन आठ-दहा दिवस झाले आणि समोरून काहीच उत्तर नाही, की गटात दोन मते पडतात. एक म्हणते, "रोज फोन करा, नाहीतर काम जाईल." दुसरी म्हणते, "मागे लागलो तर लाचार दिसू." आज एक उदाहरण घेऊन यातला मधला रस्ता पाहू.

समजा, तुमच्या गटाने तालुक्याच्या एका वसतिगृहाला 2 क्विंटल तूरडाळीचे दरपत्रक 3 फेब्रुवारीला दिले. दर 150 रुपये किलो, पोहोचवून. म्हणजे 30 हजारांचे काम. एवढ्या डाळीला पावणेतीन-तीन क्विंटल तूर लागते. ती वाळवून, भरडून, पाखडून द्यायला आठवडा जातो. बाजार समितीत तुरीचा भाव रोज बदलतो. म्हणून उत्तर कधी येणार, हे विचारणे ही आपली गरज आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मात्र याची तयारी दरपत्रकातच करायची असते. खाली एक ओळ लिहा: "हे दर 17 फेब्रुवारीपर्यंत लागू राहतील." ही ओळ असली की पुढे विचारायला आपोआप कारण मिळते. ती नसेल तर आपला प्रत्येक फोन नुसता तगादा वाटतो.

पहिला फोन चार-पाच दिवसांनी, 8 तारखेच्या सुमारास करा. जेवणाची वेळ टाळा. "काम आम्हालाच मिळणार ना?" हे विचारू नका. अधीक्षकांच्या हातात बहुतेक वेळा निर्णय नसतो. संस्थेची सही हवी असते, किंवा इतरांची दरपत्रके यायची असतात. त्यामुळे ते "बघतो" म्हणतात आणि आपण तिथेच अडकतो. त्यांना देता येईल असे उत्तर मागा: "सर, 3 तारखेला डाळीचे दरपत्रक दिले होते. ते मिळाले ना? एखादा कागद कमी आहे का? निर्णय साधारण कधी होईल?" एवढेच बोला आणि सांगितलेली तारीख वहीत लिहा. त्या तारखेआधी पुन्हा फोन नको.

उत्तरावरून अंदाज येतो. "पोती किती किलोची? बिल कसे द्याल?" असे विचारले तर काम जिवंत आहे. तारीख न देता नुसते "सांगतो, सांगतो" झाले, तर त्या कामाच्या भरवशावर तूर घेऊन ठेवू नका.

तारीख मिळाली नसेल तर मुदतीच्या तीन दिवस आधी, 14 तारखेला, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: "नमस्कार सर. 3 फेब्रुवारीच्या दरपत्रकातील 150 रुपये दर 17 तारखेपर्यंत आहे. तोवर कळवल्यास आठ दिवसांत डाळ पोहोचवू. यंदा घ्यायची नसेल तरी कळवावे, म्हणजे आम्ही माल दुसरीकडे देऊ." शेवटचे वाक्य मुद्दाम आहे. समोरच्याला नाही म्हणायला अवघड जाते, म्हणून तो गप्प बसतो. नाही म्हणायची वाट मोकळी केली की निदान उत्तर तरी येते. पण "दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे" असे खोटे लिहू नका. तालुका लहान असतो, खोटे लगेच कळते.

इथे गटांचे काम दोन ठिकाणी बिघडते. अध्यक्ष, सचिव आणि आणखी एखादी ताई, तिघीही फोन करतात. एक 150 सांगते, दुसरी 145. म्हणून फोन एकीनेच करावा आणि नोंद सगळ्यांनी पाहावी. दुसरे म्हणजे, समोरच्याने काही न म्हणताच आपण दर उतरवतो. "सर, कमी करून देऊ का?" म्हटले की पहिला दर वाढवून लावला होता, असाच अर्थ निघतो. त्यांनी स्वतः दर विचारला, तर तुरीचा भाव, भरडाई आणि गाडीभाडे मांडून बोला. "बायांना काम द्या हो" म्हणण्यापेक्षा हा हिशेब जास्त पटतो.

सरकारी कार्यालयात दरपत्रक दिले असेल तर आवक शाखेचा शिक्का असलेली पोच जपून ठेवा. तिथे दरांची तुलना होऊन मग निर्णय होतो. इतरांचे दर विचारू नका. आपला आवक क्रमांक सांगून काम कुठपर्यंत आले, तेवढेच विचारा.

17 तारीख उलटूनही उत्तर नसेल तर 18 तारखेला शेवटचा निरोप द्या: "सर, दराची मुदत काल संपली. पुढे डाळ लागल्यास त्या दिवसाच्या भावाने नवे दरपत्रक देऊ." यात रुसवा नाही आणि विनवणीही नाही. त्यानंतर फोन बंद. तूर घेतली असेल तर ती आता दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी मोकळी झाली. वसतिगृहाचे नाव मात्र वहीत राहू द्या. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी त्यांना पुन्हा डाळ लागणारच आहे, तेव्हा नवा दर घेऊन जा.