स्क्रीनशॉटमधलं उदाहरण आणि उणे तीस

परीक्षेच्या दिवसांत दहावीच्या मुलांच्या व्हॉट्सअॅप गटांवर रात्री उशिरापर्यंत पुस्तकातल्या उदाहरणांचे स्क्रीनशॉट येत असतात. खाली एवढीच ओळ असते, ‘कुणीतरी सोडवा, सगळ्या स्टेप्ससकट.’ विज्ञानातल्या भिंगांच्या प्रकरणातलं असंच एक उदाहरण आज पाहू. ज्यांच्या हाताशी कागद असेल त्यांनी आकडे टिपून घ्यावेत.

उदाहरण असं आहे : 20 सेंटीमीटर नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर 30 सेंटीमीटरवर 4 सेंटीमीटर उंचीची वस्तू ठेवली आहे. प्रतिमा कुठे पडेल, कशी असेल आणि केवढी असेल?

सूत्राकडे जाण्याआधी चित्र नीट वाचायला हवं. फोनवर कापलेल्या चित्रात वरची ओळ अर्धी गेलेली असते, आणि ‘बहिर्वक्र’ हा शब्द नेमका त्याच ओळीत असू शकतो. तो दिसत नसेल, तर उदाहरण पूर्ण मागवून घ्यावं. भिंग अंतर्वक्र निघालं तर सगळं उत्तरच बदलतं. कसं, ते पुढे येईलच.

आता मांडणी. वहीत पहिल्यांदा दिलेली माहिती लिहायची, चिन्हांसकट. सगळी अंतरं भिंगाच्या प्रकाशीय मध्यापासून मोजतात आणि वस्तू नेहमी भिंगाच्या डावीकडे मानतात. डावीकडची अंतरं ऋण, उजवीकडची धन. म्हणून वस्तूचं अंतर u = −30. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर धन, म्हणून f = +20. वस्तू अक्षाच्या वर उभी आहे, तेव्हा तिची उंची +4.

पुढची ओळ सूत्राची : 1/v − 1/u = 1/f. यातून 1/v वेगळं केलं की 1/v = 1/f + 1/u. किमती घातल्या की 1/v = 1/20 + 1/(−30), म्हणजे 1/20 − 1/30. वीस आणि तीसचा लसावि साठ. तेव्हा 3/60 − 2/60 = 1/60. पुष्कळ मुलं इथेच थांबतात आणि 1/60 हेच उत्तर समजून खाली दोन रेघा मारतात. अजून एक ओळ बाकी आहे : v = +60 सेंटीमीटर. चिन्ह धन आहे, म्हणून प्रतिमा भिंगाच्या पलीकडे 60 सेंटीमीटरवर पडते आणि ती वास्तव असते.

विशालन M = v/u = 60/(−30) = −2. प्रतिमेची उंची −2 × 4 = −8 सेंटीमीटर. ऋण चिन्हाचा अर्थ प्रतिमा उलटी आहे, आणि ती वस्तूच्या दुप्पट मोठी आहे. हे शब्दांत लिहिल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही, कारण प्रश्नात ‘कशी असेल’ असंही विचारलं आहे.

आता u चं उणे चिन्ह विसरलं तर काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. मग 1/v = 1/20 + 1/30 = 5/60, आणि v येतो 12 सेंटीमीटर. विशालन 12/30, म्हणजे 0.4. आकडे अगदी साधे, नीटनेटके. म्हणून तर चूक लक्षात येत नाही. पण खऱ्या वस्तूची बहिर्वक्र भिंगाने पडलेली वास्तव प्रतिमा नाभीय अंतराच्या आत पडूच शकत नाही. इथे नाभीय अंतर 20 आणि प्रतिमा 12 वर! शिवाय विशालन धन, म्हणजे सुलट प्रतिमा, तीही वस्तूपेक्षा लहान. बहिर्वक्र भिंग खऱ्या वस्तूची सुलट प्रतिमा देतं ती आभासी आणि मोठी; लहान कधीच नाही.

गंमत अशी, की हेच भिंग अंतर्वक्र असतं तर f = −20 घालून v = −12 आला असता आणि विशालन +0.4. म्हणजे चुकीच्या चिन्हामुळे आलेला बारा हा अंतर्वक्र भिंगाच्या बाराशी फक्त एका उण्याच्या फरकाने जुळतो. नुसतं शेवटचं उत्तर पाहणाऱ्याला चिन्ह चुकलं की भिंग चुकलं, हे कळणार नाही. चूक कुठे झाली, ते प्रत्येक पायरी लिहिलेली असेल तरच सापडतं.

बरोबर उत्तराचा ताळा किरणाकृतीने घेता येतो. आपली वस्तू 20 आणि 40 च्या मध्ये, म्हणजे नाभी आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्या दरम्यान आहे. अशा वस्तूची प्रतिमा दुसऱ्या बाजूला दुप्पट अंतराच्या पलीकडे, उलटी आणि मोठी पडायला हवी. साठ हा चाळीसच्या पलीकडे आहे, उंची दुप्पट आहे. जुळलं.

म्हणून गटावर उदाहरण पाठवणाऱ्यांना एक विनंती. चित्र कापताना आकृती आणि वरची ओळ ठेवा. आणि सोडवून पाठवणाऱ्यांनी सूत्राच्या आधी u = −30 ही ओळ वेगळी, ठळक लिहावी.