कमल नावाची नोंद

समजा, चार-पाच राज्यांतल्या शेतकऱ्यांना फोन करून केलेल्या एका सर्वेक्षणाची फाइल तुमच्या हाती आली. त्यात नाव आहे, पीक आहे, जमीन किती तेही आहे. स्त्री की पुरुष हा रकाना मात्र ठेवायचाच राहून गेला आणि गावाचाही पत्ता नाही. अहवालात तर लिहायचंय की उत्तर देणाऱ्यांत बायका किती. मग कोणीतरी म्हणतं, नावं आहेत ना, संगणक ओळखेल.

संगणक ओळखतो तो एका मोठ्या यादीवरून. अमुक नावाचे पुरुष किती सापडले, बायका किती, ते मोजून तो बहुमताचा कौल देतो. सुनीता किंवा गणपत असेल तर प्रश्नच नाही. पण ‘कमल’ आली की गाडी अडते. महाराष्ट्रात कमल म्हणजे बहुधा साठी ओलांडलेली बाई. उत्तरेत तो पुरुष, आणि तमिळनाडूतले कमल हासन तर सगळ्यांना माहीत आहेत. म्हणजे कमल बाई की पुरुष हे ठरवायला आधी तिचा प्रांत आणि वय कळायला हवं. प्रांताचा रकाना नाही, म्हणून तोही नावावरूनच ओळखायचा! एका अंदाजाच्या खांद्यावर दुसरा अंदाज बसतो.

त्यात रोमन लिपीची भर. Rama असं लिहिलेलं असेल तर ती रमा, की तो रामा, की दक्षिणेतला राम? आणि फाइल ‘स्वच्छ’ करणारी मंडळी नावापुढचे ‘बाई’ आणि ‘राव’ मानाचे शब्द म्हणून उडवून टाकतात. कमलबाईची कमल होते. पंजाबात गुरप्रीत पुरुषाचंही नाव आणि बाईचंही. पुढच्या सिंग किंवा कौरवरून उलगडा होतो. आपण फक्त पहिलं नाव ठेवलं, की तोही गेला. जी खूण उपयोगाची होती, तीच आपण आपल्या हाताने पुसतो.

आता थोडा हिशेब करू. समजा 1000 जणांत खरे पुरुष 900 आणि बायका 100 आहेत. संगणक दोघांच्याही बाबतीत 100 पैकी 95 वेळा बरोबर सांगतो. ऐकायला छान वाटतं. 100 बायकांपैकी 95 त्याने ओळखल्या. पण 900 पुरुषांपैकी 5 टक्के, म्हणजे 45 जण, बायकांच्या यादीत गेले. यादी झाली 140 जणांची. अहवालात 10 टक्क्यांऐवजी 14 टक्के बायका आल्या, आणि त्या 140 मधला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस पुरुष. मग ‘महिला शेतकऱ्यांची सरासरी जमीन’ म्हणून जो आकडा छापला जातो, त्यात या 45 जणांची जमीन मिसळलेली असते. चूक मूठभरच असते, पण जो गट लहान त्याच्यावर ती सगळी जाऊन पडते.

यावर उपाय आहे, पण थोडा खर्चाचा. संगणकाने ‘बाई’ म्हटलेल्यांतून 100 आणि ‘पुरुष’ म्हटलेल्यांतून 100 जण चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि त्यांना फोन करून विचारायचं. सगळ्यांतून सरसकट 200 निवडले, तर ‘बाई’ म्हटलेले जेमतेम 28 हाती लागतील, म्हणून दोन्ही गट वेगळे. पहिल्या शंभरात साधारण 68 खरोखरच्या बायका निघाल्या, तर 140 चे 95 होतात. दुसऱ्या गटातल्या 860 जणांत दडलेल्या चार-पाच मिळवल्या की खऱ्या 100 च्या जवळ पोचतो. अर्थात 100 फोनांवरून काढलेला आकडा इकडेतिकडे होऊ शकतो, किती तेही अहवालात लिहावं. आणि फोनवर वयही विचारून ही तपासणी वयोगटागणिक करावी, नाहीतर म्हाताऱ्या कमलबाई पुरुषांत गेल्याचं कळणारच नाही.

ज्या नावांवर संगणक ‘माहीत नाही’ म्हणतो, ती गाळण्याचा मोह फार होतो. पण अशी नावं सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात. यादी ज्यांच्या नावांवरून बनली, त्यांच्यात जे नव्हते त्यांचीच ती असतात. गोंड किंवा भिल्ल पाड्यावरची नावं, किंवा नुसतं आद्याक्षर लावणारे तमिळ लोक. ती गाळली की अख्खा समाज आकडेवारीतून जातो आणि टक्केवारी मात्र अधिक नेटकी दिसते.

प्रांताचा अंदाज तर आणखी कच्चा. नाव ठेवलं आईबापांनी. त्यावरून फार तर ते कुठले होते हे कळेल. माणूस आज सुरतेत राहतो की सोलापुरात, ते नाव सांगत नाही. शिवाय प्रांत शोधता शोधता धर्म आणि जातही फाइलमध्ये उतरते, आणि उत्तर देणाऱ्याने ती दिलेली नसते. तृतीयपंथी व्यक्तीला तर या यादीत जागाच नाही.

एकूण संख्येचा अदमास घ्यायला, चूक मोजून, ही रीत चालेल. पण एकेका माणसापुढे ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ असा शिक्का मारून ती फाइल पुढच्या खात्याकडे पाठवू नये. तिथे तो अंदाज आहे हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि महिलांसाठीच्या योजनेची पत्रं याच यादीवरून निघतात. फोनवर विचारायला एक प्रश्न वाढवला असता, तर दहा सेकंद लागले असते.