पिल्लांची ऊब आणि रेडीचे हवामान

कोंबडीचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते, तेव्हा त्याच्या शरीराचे तापमान प्रौढ कोंबडीपेक्षा सुमारे दोन अंश सेल्सिअसने कमी असते आणि ते स्थिर राखण्याची शक्तीही त्याच्यात नसते, कारण अंगावरची लव उष्णता फारशी धरून ठेवत नाही आणि पिसे यायला तीन-चार आठवडे लागतात. खुडूक कोंबडी ही उणीव पंखाखालच्या उबेने भरून काढते. अंडी उबवणी केंद्रातून आणलेल्या, आई नसलेल्या पिल्लांना तीच ऊब दिव्याने किंवा शेगडीने द्यावी लागते. या कृत्रिम उबेच्या व्यवस्थेला ब्रूडिंग आणि तिच्या साधनाला ब्रूडर म्हणतात.

ब्रूडिंगचा प्रचलित नियम असा, की पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीवरील गादीपासून सुमारे दोन इंचांवर, 35 अंश तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे पावणेतीन अंशांनी उतरवावे, जेणेकरून दुसऱ्या आठवड्यात 32, तिसऱ्यात साडेएकोणतीस, चौथ्यात साडेसव्वीस आणि पाचव्यात 24 अंश राहील. ही उतरण पिल्लांच्या वाढीला धरून असते, कारण पिसे फुटत जातात आणि शरीर स्वतःची उष्णता निर्माण करू लागते तसतशी बाहेरची उष्णता अनावश्यक व पुढे अपायकारक ठरते. मात्र हे आकडे पिल्लाभोवतीच्या हवेचे आहेत, दिव्याचे नव्हेत. दिव्याने केवळ बाहेरच्या हवेचे तापमान आणि अपेक्षित आकडा यांमधील तफावत भरून काढायची असते.

वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाशी, समुद्रालगत असलेल्या रेडीत ही तफावत ऋतूगणिक आणि प्रहरागणिक बदलते. जानेवारीत येथे दुपारी पारा 32 अंशांच्या आसपास जातो, तर पहाटे सुमारे 19 अंशांवर उतरतो. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यातील पिल्लांना दुपारी दिव्याची मुळीच गरज नसते, परंतु त्याच दिवशी पहाटे दहा अंशांची तूट असते आणि पाचव्या आठवड्यातही पाच अंशांची तूट उरते. मे महिन्यात रात्रीचे तापमान 26 अंशांखाली क्वचितच जात असल्याने तिसऱ्या आठवड्यातील पिल्लांना रात्री तीन-चार अंशांचीच मदत लागते आणि चौथ्या आठवड्यात दिवा बहुधा बंद करता येतो. जुलैत दुपार 29 अंशांच्या व रात्र 24 अंशांच्या आसपास असल्याने दिवस-रात्रीतील फरक थोडा असतो, पण दमट हवेने गादी ओली होते आणि पाऊस अडवण्यासाठी शेडचे पडदे पूर्ण बंद केले, तर ओल्या गादीतून सुटणारा अमोनिया आत कोंडतो. म्हणून पडद्यांची वरची फट उघडी ठेवून ऊब राखावी लागते.

शंभर पिल्लांच्या तुकडीसाठी पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंच व सुमारे पाच फूट व्यासाचे गोल कडे करतात, कारण चौकोनी जागेच्या कोपऱ्यांत पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरतात. आत भाताच्या तुसाचा दोन इंची थर पसरून, दर पिल्लामागे दोन वॅट या हिशेबाने शंभर वॅटचे दोन तारेचे दिवे सुमारे दीड फुटावर टांगतात आणि पिल्ले येण्याआधी एक दिवस ते पेटवून ठेवतात, कारण हवा लवकर तापली तरी तूस व खालची जमीन सावकाश तापतात आणि थंड गादीवर उभे राहिलेले पिल्लू पायांवाटे उष्णता गमावते. पुढे तापमान उतरवताना दिवे काही इंच वर घेतात किंवा दोनांपैकी एक विझवतात, आणि कडे रोज थोडे रुंद करून आठवडा-दहा दिवसांनी काढून टाकतात.

तापमापक एका जागेचा आकडा सांगतो, तर पिल्लांची मांडणी सर्व कड्याची स्थिती दाखवते. दिव्याखाली दाटी करून सतत कलकलाट करणारी पिल्ले थंडीने त्रासलेली असतात. दिव्यापासून दूर कड्याला चिकटून, चोच उघडी टाकून व पंख सैल सोडून धापणारी पिल्ले उष्णतेने त्रासलेली असतात. सर्व एकाच बाजूला सरकली असतील, तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येत असतो, आणि त्यावर उपाय दिवा वाढवण्याचा नसून फट बुजवण्याचा असतो. सर्वत्र विखरून खाणारी, पिणारी व झोपणारी पिल्ले योग्य उबेची खूण होत.

ही पाहणी दुपारी करून भागत नाही, कारण दाटीने गुदमरण्याचे मृत्यू बहुधा रात्री होतात आणि रेडीसारख्या ठिकाणी, विशेषतः हिवाळ्यात, दुपारचा समाधानकारक आकडा पहाटेची तूट झाकून टाकतो. त्यामुळे दर आठवड्याची उतरण पहाटेच्या मांडणीवर ठरवावी: पिल्ले विखरून झोपलेली दिसली तरच दिवा वर घ्यावा, दाटी दिसली तर वय पूर्ण झाले असले तरी पुन्हा खाली आणावा, आणि पाठीवर व छातीवर पिसे भरल्यानंतर दिव्यावाचूनही सलग काही पहाटे ती विखुरलेली राहिली, तरच ब्रूडिंग संपले असे मानावे.