हूक कुठे अडकवायचा?
(बांधकामावरील कामगारांपुढे काम सुरू होण्यापूर्वी द्यावयाच्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी काहींना वाचता येते, काहींना येत नाही. म्हणून आज आम्ही कागद वाटणार नाही. आपण दोरी घेऊन बोलू. सर्वांनी पुढे या.

आज आपल्याला १२ फुटांवरच्या परांचीवर प्लास्टर करायचे आहे. प्रत्येकाला पट्टा मिळाला आहे. पण पट्टा बांधला म्हणजे माणूस वाचलाच, असे नाही. हूक कुठे अडकवला, यावर सारे अवलंबून आहे.

ही पट्ट्याची दोरी पाहा. लांबी ६ फूट. दोरीला ही शिवलेली पुडी आहे. माणूस पडला की तिची शिवण उसवते, झटका कमी होतो. पण दोरी ३-४ फुटांनी लांबते.

आता समजा, एकाने हूक पायाजवळच्या फळीच्या उंचीवर अडकवला आणि तो पडला. हूक १२ फुटांवर आहे. दोरी ताणली जाईल तेव्हा पाठीची कडी जमिनीपासून ६ फुटांवर येईल. कडीपासून पाय सुमारे ५ फूट खाली असतात. म्हणजे पायाखाली उरला एकच फूट. त्यानंतर पुडी उसवणार. माणूस पट्ट्यासह जमिनीवर आदळणार.

दुसऱ्याने हूक डोक्यावर, फळीपासून ८ फूट वर, म्हणजे जमिनीपासून २० फुटांवर अडकवला. दोरी ताणली तेव्हा कडी १४ फुटांवर, पाय ९ फुटांवर. पुडी पूर्ण ४ फूट उसवली तरी खाली ५ फूट उरतात. पट्टा तोच, दोरी तीच. फक्त हूकची जागा बदलली.

म्हणून खूण लक्षात ठेवा : हूक पायाशी नको, डोक्यावर हवा. आणि तो सरळ डोक्यावर हवा. बाजूला दूर असेल, तर पडणारा माणूस झोक्यासारखा जाऊन भिंतीवर आपटतो.

बांबूला, खिडकीच्या जाळीला किंवा कठड्याच्या पाइपला हूक लावू नका. माणूस पडताना बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. मुकादमाने तपासून दाखवलेल्या जागीच लावा. तशी जागा नसेल, तर वर चढू नका. आम्हाला हाक मारा.

चढण्यापूर्वी पुडी बोटांनी चाचपा. उसवलेली असेल तर तो पट्टा एकदा पडणे झेलून बसला आहे. तो बाजूला काढा.

कोणी लटकलाच, तर त्याला तसा ठेवू नका. मांड्यांवर पट्टा आवळतो, पायांत रक्त साठते आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. त्याला उतरवण्याची शिडी आधीच जवळ ठेवा.

आता सही नको, अंगठाही नको. एकेकाने येऊन आज आपला हूक कुठे लावणार, ते हाताने दाखवावे. दाखवील तोच वर चढेल.