पोरांनी तक्ता पाठ केला होता
(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सामुदायिक आरोग्य हा आमचा विषय आणि त्यात शालेय आरोग्य तपासणी करून अहवाल द्यावा लागतो. दोन दिवस शाळेत जायचं, मुलं तपासायची, तक्ते भरायचे, फोटो चिकटवायचे, गुण मिळतात. आम्हीही तेवढ्याच तयारीने गेलो होतो. आम्ही बारा जणी, आमच्या मॅडम आणि मालेगावातली एक उर्दू माध्यमाची शाळा. तिसरी ते सातवीची १८६ मुलं. डोळे, रक्तक्षय आणि दात, एवढंच बघायचं होतं. तिथे आमचं काय चुकलं तेच मी आज जास्त सांगणार आहे. तुमच्यापैकी काही जण आपल्या मोहल्ल्यात असं शिबिर घेतील, म्हणून.

सुरुवात डोळ्यांपासून करते. इंग्रजी अक्षरांचा तक्ता तिसरीच्या मुलांना चालणार नाही हे आम्हाला माहीत होतं, म्हणून आम्ही ‘ई’चा तक्ता नेला. त्यात एकच आकृती असते, तीन दात्यांची, मुलं तिला कंगवा म्हणतात. दाते वर, खाली, डावीकडे की उजवीकडे ते हाताने दाखवायचं. वाचता येण्याची गरज नाही. मूल तक्त्यापासून सहा मीटरवर उभं राहतं, एक डोळा झाकतं आणि वरून खाली एकेक ओळ दाखवत जातं. नजर ‘६/९’ म्हणजे काय? निरोगी डोळ्याला जी ओळ नऊ मीटरवरून दिसते, ती या मुलाला सहा मीटरवर आल्यावर दिसते. ती ओळही दिसली नाही तर पुढच्या तपासणीला पाठवायचं, असं आम्हाला सांगितलं होतं.

वर्ग सहा मीटर लांब नव्हता, म्हणून व्हरांड्यात तक्ता लावला आणि खडूने रेघ मारली. पहिल्या तासाभरात चाळीस मुलं झाली. मी खूश होते. मग माझ्या एका मैत्रिणीच्या लक्षात आलं की तिच्याकडे काही मुलं खालची ओळ नेमकी उलटी सांगतायत. तिने त्यांना ‘दिसत नाही’ असं लिहूनही टाकलं होतं. मुलांना सगळं दिसत होतं. ती उर्दू माध्यमाची मुलं, ओळ उजवीकडून सुरू करत होती! आम्ही बारा जणींत चार जणी मुस्लिम, घरी उर्दू बोलणाऱ्या, आणि आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. त्यानंतर आम्ही पट्टी घेऊन एकेका कंगव्याखाली धरायला लागलो.

दुसरी चूक मोठी होती. रांग तक्त्याच्या समोरच उभी होती. मागच्या मुलांना पुढच्यांची उत्तरं ऐकू येत होती आणि दिसतही होती. आपली पोरं हुशार, दहाव्या मुलापर्यंत तक्ता तोंडपाठ. मॅडम चहा पिऊन आल्या, रांगेकडे बघितलं आणि काही न बोलता तक्ता काढून उलटा टांगला. ‘ई’चा तक्ता उलटा केला की उजवीकडचे दाते डावीकडे जातात आणि वरचे खाली. पुढचा मुलगा तिसरीतला, आठ वर्षांचा. उजव्या डोळ्याने त्याने सगळं बरोबर सांगितलं. डाव्या डोळ्याला आधीच्याच तक्त्याची उत्तरं घडाघडा म्हणून दाखवली. सगळी चूक.

आम्ही आधीची चाळीसही मुलं परत बोलावली. रांग कोपऱ्यापलीकडे नेली. हाताने डोळा झाकू देणं बंद केलं, कारण पोरं बोटांच्या फटीतून बघतात. पुठ्ठ्याचा तुकडा दिला आणि एक जण बाजूला फक्त तो नीट धरलाय का हे बघायला उभी केली. डोळा दाबायचा नाही, नुसता झाकायचा, कारण दाबला तर त्याच डोळ्याची पुढची तपासणी अंधुक येते.

त्या मुलाचा डावा डोळा ६/३६ निघाला. मग आम्ही काळ्या कागदाला मिलिमीटरभर छिद्र पाडून त्यातून बघायला दिलं. नुसत्या नंबरचा दोष असेल तर छिद्रातून बहुतेक वेळा बरंच स्पष्ट दिसतं. त्याला फरक पडला नाही. एका डोळ्याची प्रतिमा नीट येत नसेल तर मेंदू ती हळूहळू मोजायचीच सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. मूल तक्रार करत नाही, कारण दुसरा डोळा सगळं काम करतो. उपचार लहानपणीच जास्त लागू पडतात, वय वाढेल तशी आशा कमी होते. हेच त्याला आहे असं आम्ही म्हणू शकत नव्हतो, ते काम डॉक्टरांचं. पण तक्ता उलटा केला नसता तर आमच्या अहवालात ‘दोन्ही डोळे ६/६’ असं सुवाच्य अक्षरात गेलं असतं.

आता रक्त. नुसत्या डोळ्याने बघून, म्हणजे खालची पापणी ओढून, जीभ, नखं, तळहात बघून रक्तक्षय ओळखायला शिकवतात. पण त्यात फिकटपणा खूप असेल तरच कळतं, सौम्य रक्तक्षय निसटतो. म्हणून आम्ही पट्टी घालायचं हिमोग्लोबिनचं यंत्र वापरलं. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत ११.५ ग्रॅमच्या खाली आणि बारा ते चौदा वर्षांत १२ च्या खाली रक्तक्षय धरतात. आठच्या खाली गेलं तर तीव्र.

दुपारी नोंदवही चाळताना दिसलं की एका टेबलावर सलग नऊ मुलं दहाच्या खाली आहेत आणि शेजारच्या टेबलावर दोनच. वर्ग तोच, वयही तेच. आम्ही ‘नमुना कोणी घेतला’ असा रकाना ठेवला होता म्हणून हे कळलं. ती मैत्रीण घाबरत टोचत होती, त्यामुळे टोचा वरवर बसायचा, रक्त यायचं नाही, मग ती बोट पिळायची. पिळलं की रक्ताबरोबर पेशींमधलं पाणी येतं आणि आकडा खोटा खाली जातो. स्पिरिटही वाळू देत नव्हती. तिला कोणी रागावलं नाही. मुलांचे हात कोमट पाण्याने धुवून घेतले, बोटाच्या बाजूला एकदाच नीट टोचलं, पहिला थेंब पुसला आणि दुसरा घेतला. नऊपैकी पाच मुलं ठीक निघाली.

एक मात्र ठीक निघाली नाही. सातवीतली, बारा वर्षांची मुलगी. ७.६. दुसऱ्या हाताचं घेतलं, ७.८. आकडा मोठ्याने सांगायचा नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं, कारण ‘इसको खून नहीं है’ हे शाळेत एकदा पसरलं की वर्षभर चिकटतं. तिच्या वर्गाच्या आपांना बाजूला घेऊन सांगितलं. त्याच दिवशी तिची अम्मी आणि आपा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे प्रयोगशाळेतही आठच्या खालीच आलं. डॉक्टरीणबाईंनी पाळीचं विचारलं तेव्हा कळलं की दर महिन्याला दहा-बारा दिवस जातं. तिला वाटत होतं सगळ्यांचं असंच असतं. अम्मीलाही माहीत नव्हतं.

उपचार सुरू झाले. आठ दिवसांनी आपांचा फोन, पोरीने गोळ्या बंद केल्या. शौचाला काळं झालं म्हणून घरी घाबरले होते. लोहाच्या गोळीने तसं होतं, त्यात काही वाईट नसतं, पण हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय गोळी सकाळच्या चहा-खारीबरोबर चालली होती. चहाने लोह कमी शोषलं जातं. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची आणि चहा त्याच्या जवळपासही नको, असं ठरलं. महिन्याने ९.३ आलं. पाळीचे उपचार वेगळे चालू आहेत.

दातांबद्दल एकच सांगते, कारण किडलेले दात दाखवायला आमची गरज नाही, पोरं स्वतःच तोंड उघडतात. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून आईवडिलांना तीही दुधाचीच वाटते. ती कायमची असते. तिसरी-चौथीत आम्हाला सगळ्यात जास्त कीड तिलाच दिसली आणि पालक बैठकीत एकच उत्तर मिळालं: गिरेगा तो नया आएगा. नाही येणार. आरसा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक आईला तिच्याच मुलाची ती दाढ दाखवली, तेव्हा पटलं.

अहवाल इथे संपला. गुणही मिळाले. पण डोळ्यांसाठी आम्ही १९ मुलांना चिठ्ठ्या दिल्या होत्या आणि तीन आठवड्यांनी शाळेत विचारलं तर चारच जण जाऊन आले होते. तो आठ वर्षांचा मुलगा त्यात नव्हता.

आम्ही दोघी घराघरात गेलो. बऱ्याच चिठ्ठ्या दप्तरातच होत्या. त्या आम्ही इंग्रजीत लिहिल्या होत्या, संक्षेपात. ज्यांनी वाचून घेतल्या त्यांची अडचण वेगळी. बाप यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीला, ओपीडी सकाळची, म्हणजे एक दिवसाची मजुरी जाते. आणि मुलींच्या घरी तिसरंच. एक खाला मला म्हणाल्या, “बेटा, तू नर्स है, तेरा चल जाता है. इसको चश्मा लगा तो रिश्ता कौन लाएगा?” मुलगी दहा वर्षांची. मी वाद घातला नाही. स्वतःचा चश्मा काढून मी तिला विचारलं, आता समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगा मला. हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत.

चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या, उर्दूत, साध्या वाक्यांत: कुठे जायचं, कोणत्या खोलीत, सोबत काय न्यायचं, पैसे लागत नाहीत. सरकारच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळेच्या मुलांना चश्मे मोफत मिळतात, हे पालकांना माहीत नव्हतं. खरं तर आम्हालाही ते आधी सांगायचं सुचलं नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्यांना आम्ही आमची यादी दिली. हे तपासणीच्या आधी करायला हवं होतं, म्हणजे पुढची तारीखही त्याच दिवशी ठरली असती. त्यांच्या ओळखीने नेत्रतपासणी करणारे एक जण शाळेत यायला तयार झाले. आम्ही शुक्रवार मागितला, कारण मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. नमाजच्या आधी, सकाळी नऊ ते बारा. १९ पैकी १७ मुलं आली, बहुतेक बापांबरोबर. तो मुलगाही आला आणि तिथून नेत्रतज्ज्ञांकडे गेला. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावायचं, असं त्याचं आता चालू आहे. पट्टी फार खाजते म्हणतो.

चश्मे ११ जणांना लागले. ‘रिश्ता’वाल्या खालांच्या मुलीलाही. तिच्यासाठी आपांनी तोडगा काढला: चश्मा शाळेच्या कपाटात राहील, वर्गात घालायचा, घरी जाताना ठेवायचा. मला ते पटलं नाही, अजूनही पुरतं पटत नाही, पण फळा तिला दिसतो.

दोन महिन्यांनी मी सहज चक्कर मारली. अकरापैकी सात चश्मे नाकावर होते, दोन कपाटात, एकाची काडी तुटली होती, आणि एक धाकटा भाऊ घालून फिरत होता.