खऱ्याखोट्या ट्रान्झिस्टरची पारख



आमच्या इंदूरच्या शाळेतील एका विद्यार्थ्याने विज्ञान-प्रदर्शनासाठी 12 व्होल्टचा वीजपुरवठा तयार केला. त्यातून 3 अँपिअर प्रवाह मिळावा, म्हणून त्याने 2N3055 या क्रमांकाचा ट्रान्झिस्टर वापरला होता. हा ट्रान्झिस्टर पोलादी टोपीचा असतो आणि त्याला दोन पाय असतात. कलेक्टर म्हणजे त्याचे अंगच. जोडणी निर्दोष होती. तरीही दहा मिनिटांत तो जळाला. मुलगा खिन्न झाला. चूक आपलीच असावी, असे त्याला वाटले.

आम्ही आकडे मांडून पाहिले. ट्रान्झिस्टरच्या आधी 20 व्होल्ट होते आणि नंतर 12. मधल्या 8 व्होल्टना 3 अँपिअरने गुणले, की 24 वॅट उष्णता होते. ती सोसणे हे त्याचे काम. अस्सल 2N3055 ची मर्यादा, अंग थंड ठेवल्यास, 115 वॅट आहे. मग हा का जळावा?

उत्तर त्याच्या पाठीवरच लिहिलेले होते; आम्ही ते वाचले नव्हते, इतकेच. तेथे क्रमांक होता, मोटोरोला कंपनीची 'M' ही खूण होती आणि खाली 1215 हे चार अंक होते. क्रमांकातील 2N ही अक्षरे अमेरिकेतील सामाईक नोंदणीची आहेत. तो क्रमांक कोणत्याही कारखान्याने वापरावा. त्यावरून निर्माता कळत नाही. निर्माता खुणेवरून कळतो. चार अंक बहुधा उत्पादनाचा काळ सांगतात. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा नग 2012 सालच्या पंधराव्या आठवड्यातला. परंतु मोटोरोलाने असले भाग बनविण्याचा आपला विभाग 1999 सालीच वेगळा केला आणि तो ऑन सेमीकंडक्टर या नावाने चालू लागला. खूण एक साल सांगते, तारीख दुसरेच! ज्याची दोन विधाने जुळत नाहीत, त्या साक्षीदारावर विश्वास कसा ठेवावा?

खात्रीसाठी आम्ही जळालेल्या नगाची टोपी करवतीने कापली. अशा ट्रान्झिस्टरात सिलिकॉनची चकती मसुरीच्या दाण्याएवढी असावी. येथे ती मोहरीएवढी होती. उष्णता या चकतीतूनच अंगात उतरते. अस्सल नगात दर वॅटला चकती अंगापेक्षा सुमारे दीड अंश अधिक तापते. म्हणजे 24 वॅटला 36 अंश. अंग 70 अंशांवर असेल, तर चकती 106 अंशांवर राहते. चकती लहान असल्यामुळे ही वाढ चौपट झाली असे धरा. मग तीच 214 अंशांवर जाते. तिची मर्यादा 200 अंशांची! (प्रक्षेपकातील पांढऱ्या चिनीमातीचे नग मात्र कधीही कापू नयेत, त्यांत बेरिलियमची विषारी भुकटी असू शकते.)

प्रत्येक नग कापून पाहता येत नाही, हे खरेच. ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने अक्षरे पुसून पाहावीत. ती निघाली व खाली दुसरी दिसली, तर नग सोंगाड्या समजावा. न निघाली, तरी निश्चिंत राहू नये, कारण आता खोटी अक्षरेही लेझरने कोरतात. अधिक भरवशाची परीक्षा अशी: ट्रान्झिस्टर हीटसिंकवर बसवावा आणि त्याचा एमिटर 12 व्होल्टच्या बॅटरीच्या ऋण टोकास जोडावा. धन टोक व कलेक्टर यांच्यामध्ये मोटारीच्या इंडिकेटरचे 21 वॅटचे दोन दिवे समांतर जोडावेत. धन टोकापासून बेसपर्यंत 27 ओहमचा 10 वॅटचा रोध घालावा. दिवे पेटल्यावर काही सेकंदांतच कलेक्टर व एमिटर यांमधील दाब मोजावा. अस्सल नगात तो 1.1 व्होल्टच्या आत राहतो. नकली नगात तो दोन-तीन व्होल्टपर्यंत चढतो आणि दिवे मंदावतात.

आता खरेदीविषयी. आमच्या महाराणी रोडवर काय, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, दुकानदारही पुष्कळदा माल दुसऱ्याकडून घेतो. त्याला स्वतःलाच मूळ ठाऊक नसते. म्हणून "ओरिजिनल आहे का?" असे न विचारता "कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या वितरकाकडून आला?" असे विचारावे, आणि आधी दोनच नग आणून तपासावेत. निर्माता आपल्या अधिकृत वितरकांची यादी देतो. मौझर, डिजिकी, एलिमेंट14 ही त्यांतील परिचित नावे. तेथे भाव चढा असतो व टपालखर्चही पडतो. म्हणून किरकोळ रोध व दिवे बाजारातून घ्यावेत. जेथे उष्णता आणि प्रवाह मोठा, तेवढाच भाग तेथून मागवावा.

त्या मुलाने तसाच एक नग मागवला. दिव्यांच्या परीक्षेत दाब 0.7 व्होल्ट भरला, आणि प्रदर्शनात त्याचा वीजपुरवठा दिवसभर चालला. कापलेला खोटा नग त्याने शेजारी ठेवला होता. पाहणाऱ्यांची गर्दी त्याच्यापाशीच अधिक होती.