‘हे कुठे लिहिलंय?’
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीच्या सराव परीक्षेत मी एका अभंगावर पानभर उत्तर लिहिले होते. संत थोर होते, त्यांनी समाजाला मार्ग दाखवला, त्यांची भाषा रसाळ आहे, असे सगळे गाईडातले पाठ करून उतरवले. पेपर हातात आला तेव्हा समासात सरांनी लाल शाईने तीनच शब्द लिहिले होते, ‘हे कुठे लिहिलंय?’ चारपैकी एक गुण. सर आज समोर बसले आहेत. त्यांना आठवत नसेल, पण आज मी याच भामरागड तालुक्यात मराठी शिकवतो आणि वह्या तपासताना हाच प्रश्न सर्वांत जास्त वेळा लिहितो.

सन 2018 पासून दहावीच्या कुमारभारतीत संत एकनाथांचा ‘योगी सर्वकाळ सुखदाता’ हा भाग आहे. तो एकनाथी भागवतातला. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची ही टीका नाथांनी काशीत 1573 मध्ये पूर्ण केली. परीक्षेत कवितेचा उतारा छापून देतात आणि त्यावर आठ गुणांच्या कृती विचारतात. रसग्रहणाचे चार गुण वेगळे. म्हणजे ओव्या डोळ्यांसमोर असतात. तरीही मुले त्यांच्याकडे न बघता लिहितात. गुण तिथेच जातात.

या ओव्यांत पाणी आणि योगी यांची तुलना आहे. मी मुलांना आधी उत्तर लिहूच देत नाही. वहीत तीन रकाने पाडायला सांगतो. पाणी काय करते, योगी काय करतो आणि फरक कशात आहे. पाणी वरचा मळ धुते, योगी आतून-बाहेरून स्वच्छ करतो. फरक शुद्धी किती खोल जाते यात. पाण्याचे सुख थोडा वेळ टिकते, पुन्हा तहान लागते, योग्याने दिलेली तृप्ती टिकते, फरक काळाचा. पाण्याची गोडी जिभेलाच कळते, योग्याची सगळ्या इंद्रियांना निववते, फरक व्याप्तीचा. तिसरा रकाना भरला की निम्मे उत्तर झाले. तो रिकामा राहिला, तर मूल फक्त ओवीचे गद्य करते आणि त्यालाच भाष्य समजते.

मग अवतरण. माझा नियम साधा आहे. लागतील तेवढेच शब्द घ्यायचे, पण छापल्याप्रमाणे, मात्रा आणि अनुस्वारासह. ओवीत ‘जळ’ असेल तर अवतरणचिन्हांत ‘जळ’च राहील. ‘पाणी’ लिहायचे असेल तर ते चिन्हांच्या बाहेर, आपल्या वाक्यात. आठवणीतून काही लिहायचे नाही. पाठ असलेली ओवी बरेचदा दुसऱ्याच कडव्यातली निघते आणि दिलेल्या उताऱ्यात ती नसतेच. पूर्ण ओवी उतरवण्याचाही उपयोग नाही. ‘सबाह्य’ हा एकच शब्द उचलून ‘या शब्दामुळे शुद्धी आतही पोचते हे कळते’ असे लिहिले, तर अवतरणही झाले आणि भाष्यही.

भाष्य नेमके झाले की नाही हे ओळखायची युक्ती मुलांना आवडते. ओवी हाताने झाकायची आणि आपले वाक्य वाचायचे. ते दुसऱ्या कोणत्याही अभंगाखाली तसेच्या तसे खपत असेल, तर ते या ओवीवर नाही. ‘संतांची भाषा रसाळ आहे’ कुठेही खपते. ‘तहान पुन्हा लागते म्हणून पाण्याचे सुख अपुरे ठरते’ हे इथेच बसते.

सर्वांत मोठा घोटाळा एका शब्दाने होतो. मेघातून पाणी खाली येते तिथे नाथांनी ‘अध:पतन’ हा शब्द वापरला आहे. आपल्या बोलण्यात अध:पतन म्हणजे माणूस बिघडणे. मागे वर्गातल्या निम्म्या मुलांनी लिहिले, ‘पाण्याचे अध:पतन होते म्हणून ते योग्यापेक्षा हलके.’ अर्थ पार उलटा झाला. ओवीत त्याचा अर्थ फक्त खाली पडणे. ही चूक कशी ओळखायची? पुढचे शब्द वाचायचे. पाणी खाली पडल्याने लोक निवतात, सर्वांना अन्न मिळते. वाईट गोष्टीचे फळ इतके चांगले कसे असेल? पुढची ओवी तर योग्याचा या लोकातला जन्मही असाच खाली येणे म्हणते, लोकांना निववण्यासाठी.

हा घोटाळा ज्या मुलीने पकडला तिच्या घरी माडिया बोलतात. मराठी तिची शाळेतली भाषा. इतरांना शब्द ओळखीचा वाटला, म्हणून ते थांबले नाहीत. ती मात्र शब्दाशब्दाला थांबते. तिने विचारले, ‘सर, पाणी खाली आलं नाही तर धान कसं होईल? मग ते वाईट कसं?’ मी फळ्याजवळून मागे आलो आणि म्हणालो, ‘तूच समजावून सांग सगळ्यांना.’

पण त्याच मुलीचे पुढच्या चाचणीतले उत्तर मला अडले. तिने लिहिले, ‘पाणी सुख देते हे खोटे आहे. पाण्याने आमचे धान नेले.’ आपल्याला सांगायला नको. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा इथे भेटतात. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की आलापल्लीची वाट बंद. तिचे वाक्य खरे होते, पण ओवीचे नव्हते. समासात तेच तीन शब्द लिहायला पेन टेकवले आणि थांबलो. ते शब्द तिला वाटले असते की तिच्या घरचे धान गेलेच नाही.

तिला जवळ बसवून म्हणालो, ‘बाई, तुझं खोडायचं नाही. वेगळं लिहायचं.’ तिने दोन वाक्ये केली. पहिले, ‘ओवीत पाणी सुख देते, पण ते सुख एका वेळेपुरते असते.’ दुसरे, ‘माझ्या अनुभवात पूर आला की हेच पाणी दु:खही देते, ते ओवीत सांगितलेले नाही.’ पहिल्यावर गुण मिळतात. दुसरे काव्यसौंदर्याच्या किंवा स्वमताच्या प्रश्नात चालते, पण ‘माझ्या अनुभवात’ हे शब्द आधी हवेत. भावार्थ विचारला असेल तर ते लिहायचेच नाही.

नंतर तिने विचारले, ‘मग नाथांना पाणी आवडत नव्हतं का?’ तेव्हा उताऱ्याबाहेरचे सांगितले. हा भाग सातव्या अध्यायातला. तिथे अवधूत यदूराजाला आपले चोवीस गुरू सांगतो आणि पाणी त्यांतला एक गुरू आहे. गुरूशी तुलना त्याला हिणवायला कोणी करत नाही. मात्र बजावले, ‘हे तुला कळावं म्हणून. उताऱ्यात नाही, म्हणून उत्तराचा आधार यावर ठेवू नकोस.’

सर, आता मी तीन शब्दांखाली आणखी एक ओळ लिहितो. ‘ओवीत असेल तर बोट ठेव; तुझे असेल तर तुझे म्हण.’ त्या सराव परीक्षेच्या उत्तरात मी दोन्ही केले नव्हते. एक गुण तुम्ही दिलात, तो बहुधा अक्षराचा असावा.